मेलखालचा नंबर दाबला की थेट फोन लागावा, परदेशातूनही. कसं करायचं?

भोसरीकरीण | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. भोसरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे, रबराची गॅस्केट आणि सील बनवतो. ऑफिसचं सगळं मेलचं काम माझ्याकडे असतं. गेल्या वर्षीपासून इंग्लंडमधलं, मँचेस्टरजवळचं एक गिऱ्हाईक मिळालंय. त्यांचे खरेदीवाले गृहस्थ मेल मोबाइलवरच वाचतात आणि काही अडलं की खालच्या नंबरवर टिचकी मारून फोन करतात. म्हणजे करायला बघतात, कारण फोन आमच्याकडे येतच नाही. त्यांचं म्हणणं, दोनदा कुणीतरी बाईंनी उचलला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला.

मी टेलिफोन कंपनीकडे तक्रार केली. त्यांनी लाइन तपासली, ठीक आहे म्हणाले. पुण्यातून कुणीही लावला तर व्यवस्थित वाजतो.

माझ्या सिग्नेचरमध्ये नंबर असा आहे (आकडे बदललेत, खरा नंबर ४ ने सुरू होतो):

```
Office: 020-4xxx xxxx
```

यावर मी कुठलीही लिंक टाकलेली नाही, पण त्यांच्या फोनवर तो निळा दिसतो आणि दाबता येतो. दोन प्रश्न आहेत. नीट दाबता येणारी लिंक कशी करायची? आणि +९१ लावलं तर इथल्या गिऱ्हाइकांना आयएसडीचे पैसे पडतील का? आमची निम्मी गिऱ्हाइकं चाकण आणि रांजणगावची आहेत.

टेकडीवरचा_वारा | सोमवार, रात्री ९.२५

लाइन क्रॉस होत असणार. आमच्याकडे पावसाळ्यात व्हायची. पुन्हा तक्रार करा, तक्रार क्रमांक मागून घ्या.

ओवी_पाषाण | सोमवार, रात्री ९.३२

ताई, मोबाइलवरून +९१ लावून भारतातल्या भारतात फोन केला तर काहीही जादा पडत नाही. माझे सगळे कॉन्टॅक्ट +९१ लावूनच सेव्ह आहेत. निर्धास्त लावा.

सदाशिव_आजोबा | सोमवार, रात्री ९.५०

ओवी, मोबाइलचं ठीक आहे. आमच्या लँडलाइनवर + चं बटणच नाही! शिवाय हल्ली लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. तेव्हा नंबर शून्यासकटच लिहायला हवा. आमच्या वेळी पुण्याचा कोड ०२१२ होता, तेव्हापासून शून्य लिहायची सवय आहे आणि ती योग्यच आहे.

रानडे_जाळंवाला | सोमवार, रात्री १०.१५

भोसरीकरीण ताई, तुमची लाइन ठीक आहे. फोन लंडनला जातोय.

लंडनचा एसटीडी कोडसुद्धा ०२० आहे. पुढचा नंबर आठ आकडी, अगदी पुण्यासारखाच. देशातल्या देशात फोन लावताना आपल्यासारखाच पुढे शून्य लावायची पद्धत तिकडेही आहे. म्हणजे इंग्लंडच्या सिमवरून ०२० आणि पुढे आठ आकडे लावले की तिथलं नेटवर्क बिनतक्रार लंडनचा नंबर समजून जोडून देतं. त्यात लंडनचे नंबर ०२० नंतर ३, ४, ७ किंवा ८ ने सुरू होतात. तुमचा ४ ने सुरू होतो. २ ने सुरू होणारा जुना पुणेरी नंबर असता, तर तो लागलाच नसता, "नंबर चुकीचा आहे" असं ऐकू आलं असतं आणि चूक पहिल्याच दिवशी कळली असती. ४ मुळे तो खरोखरच कुणाच्या तरी घरी वाजतोय. त्या बाई लंडनमधल्या आहेत.

आता निळा का दिसतो ते. तुम्ही लिंक दिली नसली तरी फोनमधलं मेल ॲप मजकुरात फोन नंबरासारखं काही दिसलं की स्वतःच त्याची लिंक बनवतं. पण आकडे तुम्ही लिहिलेत तेच उचलतं. मजकूर पुण्यातून आलाय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पुढे + असेल तर फोन त्यानंतरचे आकडे देशाचा कोड म्हणून वाचतो. + नसेल तर फोन ज्या देशाच्या नेटवर्कवर असेल, त्या देशाची पद्धत लागू होते. तुमच्या घोटाळ्याचं मूळ एवढंच आहे.

लिंक अशी करा. इथे मुद्दाम खोटा नंबर घेतलाय, पुण्यात १ ने सुरू होणारी लँडलाइन नसते:

```html
<a href="tel:+912012345678">+91 20 1234 5678</a>
```

आतला भाग फोनसाठी आहे. त्यात +, देशाचा कोड ९१, शून्य काढून टाकलेला पुण्याचा कोड २०, मग आठ आकडे. सगळं सलग, मध्ये जागा सोडायची नाही. बाहेरचा भाग माणसांसाठी, तिथे वाचायला सोपं पडावं म्हणून जागा सोडा.

सदाशिव_आजोबा | सोमवार, रात्री १०.३१

रानडे, मग माझा शून्य चुकीचा का?

रानडे_जाळंवाला | सोमवार, रात्री १०.४४

आजोबा, तुमचा शून्य तुमच्या जागी बरोबर आहे. लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावायचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे आणि तो पाळायलाच हवा. पण तो शून्य हा नंबरचा भाग नाही. भारतात बसून डायल करताना दाबायची ती कळ आहे. बाहेरून येणाऱ्याला त्या कळीची गरज नसते आणि त्यानं ती दाबली तर फोन लागत नाही. तुम्ही लँडलाइनवरून डायल करताना +९१ च्या जागी शून्य घ्यायचा. आणि नंबर पुण्यातलाच असेल तर नुसते आठ आकडे. तुम्ही आत्ताही तेच करता.

कर्वेनगरची_मी | सोमवार, रात्री १०.५८

आमच्या कंपनीत सगळ्यांच्या सिग्नेचरला +91-020-xxxx xxxx असं आहे. एचआरनं छापून दिलेला नमुना आहे. हे पण चूक?

रानडे_जाळंवाला | सोमवार, रात्री ११.०५

हो, चूक. पुण्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. +९१ नंतर ०२० आला की शून्य मध्ये अडकतो आणि नंबरात एक आकडा जास्त होतो. काही नेटवर्क तो शून्य गाळून फोन जोडून देतात, म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक चाललंय. पण त्या भरवशावर राहू नका. कंसात शून्य घालतात, +91 (0)20 असा, तोही टाळा. वाचणारा माणूस समजून घेईल, पण कंसातला शून्य सोडायचा हे फोनला कळेलच याची खात्री नाही. परदेशी पद्धतीनं नंबर लिहायचा आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे, E.123 नावाचा. त्यातही कंस नकोच असं सांगितलंय.

टेकडीवरचा_वारा | सोमवार, रात्री ११.२०

पण मी मागच्या वर्षी जर्मनीत महिनाभर होतो. आयफोनवरून पुण्याचे नंबर ०२० लावूनच दाबत होतो, सगळे लागत होते. त्यामुळे परदेशातून लागत नाही हे काही मला पटत नाही.

रानडे_जाळंवाला | मंगळवार, सकाळी ७.४०

तुमचा अनुभव खरा आहे. आयफोनमध्ये डायल असिस्ट नावाची सोय असते आणि तुमचं सिम भारताचं होतं. मालक परदेशात गेलाय हे ओळखून फोन त्याच्या घरच्या नंबरांना स्वतः देशाचा कोड जोडतो. मँचेस्टरच्या गृहस्थांचं सिम इंग्लंडचं आणि तेही इंग्लंडमध्येच. त्यांच्या फोनच्या दृष्टीनं ०२० हा घरचाच नंबर, मग तो कशाला काही जोडेल? म्हणून सिग्नेचर आपल्या फोनवर तपासून समाधान मानू नये. आपल्या फोनवर चुकीचा नंबरही बरोबर लागतो.

टेकडीवरचा_वारा | मंगळवार, सकाळी ८.०२

हं. आता समजलं. क्रॉस कनेक्शनचं मागे घेतो.

मीनल_फिजिओ | मंगळवार, सकाळी ९.१५

मला वेगळंच सांगायचंय, पण लिंकचंच आहे. माझं औंधला क्लिनिक आहे. दोन वर्षांपूर्वी मी अशीच tel: लिंक करून घेतली होती. या मार्चमध्ये मोबाइल नंबर बदलला. सिग्नेचर उघडली, जुन्या नंबरावर कर्सर नेऊन एकेक आकडा खोडला, नवा टाईप केला, सेव्ह केलं. दिसायला नवा नंबर आला.

जूनमध्ये एक पेशंट आजी म्हणाल्या, "मॅडम, तुमचा फोन बंद असतो हो. मेलमधून किती वेळा दाबला." मी म्हटलं शक्यच नाही. त्यांच्याच फोनवर माझा मेल उघडला, नंबरावर बोट दाबून धरलं, तर वर आला तो जुना नंबर! मजकुरात नवा आणि लिंकच्या आत जुना. तीन महिने ज्यांनी कागदावर उतरवून नंबर लावला त्यांचा लागला आणि ज्यांनी दाबला त्यांचा लागला नाही. आणि दाबणारे बहुतेक गुडघ्याचे, कमरेचे पेशंट, वयस्कर माणसं. मला फार वाईट वाटलं तेव्हा.

त्यामुळे नंबर बदलला तर आकडे खोडत बसू नका. आधी लिंक काढून टाका आणि नव्यानं घाला.

भोसरीकरीण | मंगळवार, सकाळी १०.३०

लंडन!! मी रात्री यांना वाचून दाखवलं तर यांना झोपच लागेना. रानडे, मनापासून आभार. टेलिफोन कंपनीच्या माणसाला मी काय काय बोलले होते, त्याला आज फोन करून सांगितलं.

मीनल ताई, बरं झालं सांगितलंत. आमचाही एक मोबाइल बदलायचाय.

आता करायला बसले. मी वेबवरच्या जीमेलमध्ये सेटिंग्जमधून सिग्नेचरला गेले, नंबर सिलेक्ट केला, साखळीचं चिन्ह दाबलं आणि पत्त्याच्या जागी tel: वगैरे टाकलं. बरोबर ना? आणि फोनवरून मी मेल पाठवते तेव्हा मात्र साधीच सिग्नेचर जाते, लिंक नाही.

रानडे_जाळंवाला | मंगळवार, सकाळी ११.१०

बरोबर. सेव्ह केल्यावर लिंकवर एकदा क्लिक करून आतला पत्ता नक्की वाचा. लिंक घालायच्या काही चौकटी प्रत्येक पत्त्याला वेबसाइट समजतात आणि पुढे स्वतःहून http:// चिकटवतात. मग असं होतं:

```
http://tel:+912012345678
```

हे दाबलं की फोन लागत नाही, ब्राउझर उघडतो आणि पान सापडलं नाही म्हणतो. तसं दिसलं तर http:// खोडून पुन्हा सेव्ह करा.

मोबाइलच्या जीमेल ॲपमधली सिग्नेचर वेगळी असते आणि तिथे नुसता साधा मजकूर चालतो, लिंक घालता येत नाही. म्हणूनच दिसणारा नंबरसुद्धा +९१ सकट लिहायचा. लिंक गळून पडायच्या जागा पुष्कळ आहेत. साध्या मजकुरातला मेल, कुणी पुढे पाठवताना कॉपी केलेला मजकूर, छापलेला कागद. लिंक गेली तरी डोळ्यांना दिसणारा नंबर पूर्ण असेल, तर समोरच्याचा फोन तोच ओळखून बरोबर जोडतो. तुमच्या बाबतीत खरं म्हणजे आत लिंक न घालता नुसतं +91 20 लिहिलं असतं तरी त्या गृहस्थांचा फोन लागला असता.

शुभंकर_डिझाइन | मंगळवार, दुपारी १२.०५

आमच्याकडे येणारे क्लायंट म्हणतात, सिग्नेचर सुंदर दिसली पाहिजे, मग आम्ही लोगोसकट एक चित्र करून देतो. नंबर चित्रातच असतो. वरून अख्ख्या चित्राला लिंक देता येते की.

कर्वेनगरची_मी | मंगळवार, दुपारी १२.२०

शुभंकर, अख्ख्या चित्राला एकच लिंक म्हणजे लोगोवर बोट लागलं तरी फोन! आणि आमच्या ऑफिसात बाहेरून आलेल्या मेलमधली चित्रं आपोआप दिसतच नाहीत, रिकामी चौकट दिसते. नंबर मजकूर म्हणूनच हवा.

शुभंकर_डिझाइन | मंगळवार, दुपारी १२.३४

मान्य. लोगो चित्रात, नंबर खाली मजकुरात, असं करून बघतो.

गणेशखिंड | मंगळवार, दुपारी २.१०

व्हॉट्सॲपचं कुणी सांगेल का? मी wa.me वाली लिंक केली आणि वर सांगितलंय तसा + टाकला, तर उघडत नाही.

ओवी_पाषाण | मंगळवार, दुपारी २.१८

तिथे + नको. देशाचा कोड आणि नंबर, बस. शून्य नको, कंस नको, डॅश नको.

```
https://wa.me/91xxxxxxxxxx
```

tel: ला + हवाच आणि याला नकोच. मीही आधी गोंधळले होते.

सदाशिव_आजोबा | मंगळवार, दुपारी ४.००

माझा एक प्रश्न. मी सगळे मेल मराठीत लिहितो आणि नंबरही मराठी आकड्यांत देतो, +९१ २० असा. त्याची लिंक होईल का? इंग्रजी आकडे मला लिहायचे नाहीत.

रानडे_जाळंवाला | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

आजोबा, दिसणारा नंबर देवनागरीत ठेवता येईल, लिंकच्या आत मात्र इंग्रजी आकडेच लागतात. tel: पत्त्याचा नियम २००४ चा आहे, RFC 3966, आणि त्यात अंक म्हणजे 0 ते 9 एवढेच. असं करा:

```html
<a href="tel:+912012345678">+९१ २० १२३४ ५६७८</a>
```

दाबणाऱ्याला काही फरक पडणार नाही. पण मघाशी म्हटलं तसं लिंक गळाली, तर मराठी न वाचणाऱ्याच्या हातात काहीच उरणार नाही. तुमचे मेल मराठी माणसांनाच जात असतील तर खुशाल ठेवा.

मीनल_फिजिओ | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

मी आजोबांच्या बाजूची. माझ्या पेशंटना मराठी आकडे पटकन वाचता येतात.

ओवी_पाषाण | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

मला नाही पटत. फोन नंबर कुणाच्याही हातात पडू शकतो. नातवानं मेल पुढे कुणाला पाठवला तर? दोन्ही आकड्यांत द्या, दोन ओळी.

भोसरीकरीण | बुधवार, सकाळी ११.२०

झालं! काल रात्री सिग्नेचर बदलून त्या गृहस्थांना मेल केला आणि एकदा नंबर दाबून बघा म्हटलं. आज सकाळी त्यांनी फोनचा फोटो पाठवला. दाबल्यावर विचारणाऱ्या चौकटीत +91 20 आणि पुढे आमचाच नंबर. त्यांच्या दुपारी फोनही करणार आहेत, आमच्याकडे संध्याकाळ असेल. तेव्हा सांगते काय झालं ते.

मधल्या वेळात यांनी नवी अडचण काढली. आमच्या लाइनवर उचललं की आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो, मग एक्स्टेन्शन दाबावं लागतं. माझं २१४. ते पण लिंकमध्ये घालता येईल का, म्हणजे थेट माझ्या टेबलावर येईल?

रानडे_जाळंवाला | बुधवार, दुपारी १.०५

घालता येतं, पण शंभर टक्के खात्री मी देणार नाही. नियमात ;ext=214 असं लिहायची सोय आहे, पण सगळे फोन ते सारखं पाळत नाहीत. प्रत्यक्षात स्वल्पविराम जास्त चालतो:

```html
<a href="tel:+912012345678,,214">+91 20 1234 5678, Ext. 214</a>
```

एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंद थांबणं. फोन उचलला गेला की फोन तेवढा थांबून २१४ आपणच दाबतो. तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज किती लांब आहे ते घड्याळ लावून मोजा आणि तेवढे स्वल्पविराम घाला. पुढे कुणी तो आवाज बदलला आणि लांबला, तर २१४ आधीच दाबलं जाऊन वाया जाईल. एक्स्टेन्शनच्या आधी # दाबावा लागत असेल तर मात्र हा नाद सोडा, आयफोन * किंवा # असलेली tel: लिंक डायलच करत नाही. सुरक्षेसाठी तसं ठेवलंय.

कर्वेनगरची_मी | बुधवार, दुपारी १.४०

त्यापेक्षा ताईंनी सिग्नेचरला स्वतःचा मोबाइल द्यावा, एक्स्टेन्शनची भानगडच नको.

भोसरीकरीण | बुधवार, दुपारी १.५५

मोबाइल नको बाई, रात्री अकरालाही फोन येतील. आमचा रेकॉर्ड केलेला आवाज नऊ सेकंदांचा आहे, पण त्यावरच दाबलं तरी चालायला हवं.

सदाशिव_आजोबा | बुधवार, दुपारी ४.२०

कंपनीच्या १८०० वाल्या टोल-फ्री नंबरला +९१ लावून लिंक केली तर परदेशातून फुकट लागेल का? सुनेनं विचारायला सांगितलंय.

रानडे_जाळंवाला | बुधवार, संध्याकाळी ५.००

नाही आजोबा. १८०० चे नंबर देशातल्या देशात चालायला दिलेले असतात, बाहेरून सहसा लागतच नाहीत, फुकट तर दूरच. सूनबाईंना म्हणावं शेजारी साधा +91 20 वाला नंबरही द्या.

भोसरीकरीण | बुधवार, रात्री ८.४५

फोन आला! संध्याकाळी सहाला, थेट वाजला, मीच उचलला. ते गृहस्थ म्हणाले, लंडनच्या त्या बाईंची माफी मागायला हवी, पण आता बाईंचा नंबर माझ्याकडे नाही. मी म्हटलं, आहे की, आमच्या सगळ्या जुन्या मेलखाली.

२१४ साठी चार स्वल्पविराम घातलेत. यांच्या अँड्रॉइडवरून तीनदा लावून पाहिला, तीनदा माझ्याच टेबलावर आला. गिऱ्हाइकाच्या आयफोनवरून पहिल्यांदा आवाज संपायच्या आतच दाबलं गेलं आणि फोन दुसरीकडेच, गोडाऊनला गेला. पाच करून उद्या पुन्हा बघते.